पंगत मोडा, डबे वेगवेगळे पाठवा

*मी पुण्यात घरून डबे देते. १३८ गिऱ्हाइकं आहेत. रोज रात्री उद्याची भाजी कळवायला व्हॉट्सॲपवर सगळ्यांचा एक ग्रुप केला होता. त्यात कुणी 'उद्या नको' लिहितं, कुणी पैसे भरल्याचा फोटो टाकतं, एकानं तर फ्लॅट नंबरासकट अख्खा पत्ता टाकला. हे चालवून घेत होते. पण मागच्या महिन्यात माझ्याकडे डबा घेणारी एक मुलगी सांगायला आली, की ग्रुपमधला कुणी अनोळखी माणूस तिला रोज मेसेज करतो. मला फार लाज वाटली. ॲडमिन मीच, म्हणजे जबाबदार मीच का? भाचा म्हणतो, 'फक्त ॲडमिन लिहू शकेल' असं कर, झालं. दुसरीकडून ब्रॉडकास्ट लिस्टचं कळलं म्हणून तीही करून पाहिली, तर चाळीसेक जणांना मेनू पोचलाच नाही आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे फोन. नक्की काय करू?*

*– डबेवाली काकू, कोथरूड*

ताई, भाच्याचा उपाय खोटा नाही, पण तो तुमच्या दुखण्यावरचा नाही. फक्त ॲडमिननं लिहायची सोय २०१८ पासून आहे. ती चालू केली की फ्लॅट नंबर, पैशांचे फोटो आणि 'मीठ जास्त झालं' हे सगळं थांबेल. थांबणार नाही ती त्या मुलीची अडचण. ग्रुपच्या नावावर बोट ठेवलं की खाली सभासदांची यादी उघडते आणि त्यात प्रत्येकाचा नंबर असतो. कुणी कधी एक अक्षर लिहिलं नसलं तरी असतो. लिहायला बंदी केल्यानं यादी झाकली जात नाही. म्हणजे तोंडं बंद आणि नंबर उघडे, असा प्रकार होईल.

तुमच्याच धंद्यातलं उदाहरण घ्या. ग्रुप म्हणजे पंगत. सगळे एका ओळीत बसलेले, शेजारी कोण आहे आणि त्याच्या ताटात काय आहे ते सगळ्यांना दिसतं, कुणी 'भात वाढा' म्हटलं तर सगळ्यांना ऐकू जातं. ब्रॉडकास्ट लिस्ट म्हणजे डबा. भाजी एकाच पातेल्यातली, पण प्रत्येकाच्या दाराशी वेगळी पोचते आणि शेजाऱ्याकडेही तुमचाच डबा येतो हे कुणाला कळायचं कारण नाही. घेणाऱ्याच्या फोनवर तो निरोप तुमच्या आणि त्याच्या खासगी गप्पांमध्येच दिसतो. त्यानं उत्तर दिलं तर ते फक्त तुम्हाला येतं. यादीत आणखी कोण आहे, किती जण आहेत, तुम्ही यादीला नाव काय दिलंय, यातलं काहीही त्याला दिसत नाही. तुम्हाला हवंय ते हेच. एका यादीत २५६ जण मावतात, तुमची १३८ माणसं त्यात आरामात बसतात.

आता त्या चाळीस जणांचं. लिस्ट नवीन करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हा फटका बसतो, आणि बहुतेक लोक इथेच कंटाळून परत ग्रुपकडे वळतात. ब्रॉडकास्टमधला निरोप फक्त त्याच माणसाला पोचतो, ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह केलेला आहे. तुमच्याकडे त्याचा असून भागत नाही, त्याच्याकडे तुमचा हवा. हे मुद्दाम असं ठेवलंय. नाहीतर कुठूनही नंबर गोळा करून कुणीही एका दमात अडीचशे अनोळखी लोकांना जाहिरात पाठवली असती. तुमची बरीच गिऱ्हाइकं कुणाच्या तरी सांगण्यावरून ग्रुपच्या लिंकनं आत आली असणार. त्यांना तुमचा नंबर सेव्ह करायची कधी गरजच पडली नाही.

नेमके कोण राहिले ते शोधायची रीत सांगतो. लिस्टमध्ये पाठवलेल्या मेनूवर बोट दाबून धरा आणि Message info उघडा. तिथं कुणी वाचला आणि कुणाला पोचला त्यांची नावं दिसतील. तुम्ही रात्री आठला मेनू पाठवलात, तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ही यादी बघा, त्याआधी नको. कुणाचा फोन बंद असतो, कुणाचं नेट संपलेलं असतं. चोवीस तास उलटूनही ज्यांचं नाव तिथं नाही, ती नावं वहीत उतरवा. मग त्यातल्या प्रत्येकाला वेगळा, साधा मेसेज करा. समजा, देशपांडे म्हणून कुणी आहेत. त्यांच्या खासगी चॅटमध्ये तुम्हाला कालचा मेनू एका टिकेसह दिसेल आणि त्याखाली आज पाठवलेला साधा मेसेज दोन टिकांसह. वरचा पोचला नाही, खालचा पोचला, म्हणजे देशपांड्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही, याबद्दल शंका नको. दोन्हींवर एकच टिक राहिली तर फोन बंद आहे, नंबर बदललाय, किंवा तुम्हाला ब्लॉक केलंय. अशांना सरळ फोन लावा.

त्या साध्या मेसेजमध्येच काम उरकून घ्या. स्वतःचं कॉन्टॅक्ट कार्ड जोडा आणि लिहा: 'नमस्कार, डब्याच्या काकू. आता मेनू ग्रुपवर येणार नाही, तुम्हाला वेगळा येईल. त्यासाठी हा नंबर सेव्ह करून ठेवा, आणि झालं की "हो" लिहा.' हा 'हो' मागायचाच. नुसती निळी टिक आली म्हणजे माणसानं वाचलं, सेव्ह केलं असं नव्हे. जे उत्तरच देत नाहीत त्यांच्यासाठी डब्याच्या झाकणावर चिठ्ठी चिकटवा: नंबर, आणि खाली 'हा सेव्ह केलात तरच मेनू येईल'. डबा तर ते रोज उघडतातच. माझा अंदाज आहे की आठवडाभरात चाळिसाचे पाच-सहा उरतील. त्या पाच-सहांना रोज वेगळा मेनू फॉरवर्ड करणं जड नाही.

याद्या किती करायच्या, हा पुढचा प्रश्न. दुपारचा डबा घेणारे आणि रात्रीचा घेणारे अशा दोन याद्या लोक पटकन करतात, आणि दोन्ही वेळचा डबा घेणारी माणसं दोन्हीकडे घालतात. मेनू वेगळा असेल तर ते ठीकच आहे. पण 'गुरुवारी सुट्टी' हा निरोप तुम्ही दोन्ही याद्यांवर टाकलात की या लोकांना तो दोनदा जातो. म्हणून तिसरी यादी करा, 'सगळे' नावाची, सगळी १३८ माणसं त्यात. सुट्टी, दरवाढ, उशीर हे तिथून. रोजची भाजी त्या-त्या वेळच्या यादीतून. अँड्रॉइडवर वरच्या तीन टिंबांत New broadcast असतं, तिथून माणसं निवडून यादी होते. गिऱ्हाईक सुटलं की त्याच दिवशी तिन्ही याद्यांतून नाव काढा. ग्रुपमधून माणूस स्वतः उठून जाऊ शकतो, ब्रॉडकास्टमधून त्याला स्वतःचं नाव काढता येत नाही. त्याच्या हाती तुम्हाला ब्लॉक करणं नाहीतर रिपोर्ट करणं एवढंच उरतं, आणि फार लोकांनी रिपोर्ट केलं तर तुमचा नंबर व्हॉट्सॲपवरून बंद होऊ शकतो. महिन्याच्या पहिल्या मेनूखाली एक ओळ घालत जा: 'मेनू नको असेल तर "बंद" लिहा.'

पथ्याच्या डब्यांचाही वेगळा ग्रुप असेल, तर तो सगळ्यात आधी मोडा. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही, पण पुष्कळ डबेवाल्यांकडे 'डायबेटिस डबा' किंवा 'बिनमिठाचा' अशा नावाचा ग्रुप मी पाहिलाय. तिथं नंबर उघडा पडणं ही लहान गोष्ट ठरते, कारण त्या यादीत असणं म्हणजेच स्वतःचा आजार वीस अनोळखी माणसांना सांगणं. ब्रॉडकास्टमध्ये यादीचं नाव फक्त तुमच्या फोनवर राहतं. निरोपात मात्र 'सर्व मधुमेही सभासदांना' असं लिहू नका, 'उद्या तुमच्या डब्यात' असं लिहा. खरं तर हे सगळ्याच याद्यांना लागू आहे. निरोप प्रत्येकाला एकेकट्याला मिळतो, त्यात 'सर्वांना कळवण्यात येते की' वाचताना माणूस गोंधळतो आणि 'हे मला आहे का?' म्हणून उलट विचारतो.

उत्तरांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण लिस्ट सुरू केल्यावर तुमचा त्रास तिथंच वाढेल. आता ग्रुपवर पाच जण काही बोलतात आणि बाकीचे वाचतात. उद्यापासून प्रत्येकाचं उत्तर तुमच्याकडे स्वतंत्र येईल. 'मेनू कसा वाटला?' असं काही लिहिलंत तर साठ चॅट उघडे पडतील. म्हणून प्रश्न विचारायचाच नाही, अपवाद मागायचा: 'उद्या डबा नको असेल तरच रात्री साडेनऊपर्यंत कळवा.' हवा असणाऱ्यांनी गप्प बसायचं. मग रोज सात-आठ उत्तरं येतील, ती हाताळता येतात. धंद्यासाठीचं व्हॉट्सॲप बिझनेस फुकट मिळतं, त्यात चॅटला लेबल लावता येतं. 'उद्या नको' असं एक लेबल करा, उत्तर आलं की लावा, सकाळी डबे भरताना फक्त ते लेबल उघडायचं. नेहमीची वाक्यं तिथं साठवूनही ठेवता येतात, म्हणजे 'पैसे मिळाले, धन्यवाद' रोज टाइप करत बसायला नको.

एक गोष्ट मात्र ग्रुपकडेच चांगली होती. डबा उशिरा आला की एकानं विचारायचं, तुम्ही एकदा उत्तर द्यायचं आणि सगळ्यांना ते कळायचं. आता रस्त्यात गाडी पंक्चर झाली की वीस जण तोच प्रश्न वेगवेगळा विचारतील. इलाज एवढाच, की डबे पोचवणाऱ्या पोरानं फोन केल्याबरोबर, लोकांनी विचारायच्या आधी, 'सगळे' यादीवर निरोप टाकायचा. दुसरंही स्पष्ट सांगतो. ग्रुपवर एकानं तक्रार केली की दुसरा म्हणायचा 'आमच्याकडेही', आणि तुम्हाला पटकन कळायचं की त्या दिवशी आमटीच बिघडली होती. आता तक्रारी सुट्या-सुट्या येतील. तुमची अब्रू राहील, पण गिऱ्हाइकांचा एकत्र आवाज जाईल. तेव्हा एकाच दिवशी तीन जणांनी तेच म्हटलं तर ते तीन समजू नका, तीस समजा.

आता लिस्टचा खरा धोका. ग्रुपमध्ये गिऱ्हाइकाची चूक सगळ्यांना दिसते, लिस्टमध्ये तुमची. एखाद्या ताईंना खासगीत 'तुमचे मागच्या महिन्याचे १२०० राहिलेत' लिहायचंय, आणि घाईत तुम्ही त्यांच्या चॅटऐवजी यादीच उघडून तिथं ते लिहिलंत, तर ते सगळ्या यादीला जातं. मी एका वाचनालयाच्या सूचनांची यादी सांभाळत होतो, तेव्हा बायकोला लिहिलेलं 'येताना दही आण' मी यादीवर टाकलं होतं. साठ सभासदांना गेलं. दोघांनी 'किती?' असं विचारलं, एक आजोबा संध्याकाळी खरंच अर्धा किलो घेऊन आले. दह्यावर निभावलं, उधारीवर निभावलं नसतं. म्हणून यादीच्या नावाआधी काहीतरी ठसठशीत चिन्ह टाका, तिन्हींना तेच, म्हणजे नजर अडेल. आणि पैशांचं काहीही लिहायचं असेल तर आधी वर नाव वाचायचं. गेलेला निरोप परत घेता येईल असं धरून चालू नका.

तुमच्या स्वतःच्या खासगीपणाचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. लिस्ट चालण्यासाठी १३८ लोकांकडे तुमचा नंबर सेव्ह होणार आणि तुमच्याकडे त्यांचे. दोन्हीकडे नंबर असला की स्टेटस दिसतं. नातवाच्या बारशाचे फोटो तुम्ही स्टेटसला टाकलेत की ते सगळ्या गिऱ्हाइकांना दिसतील. स्टेटसच्या प्रायव्हसीत जाऊन ते फक्त घरच्यांपुरतं ठेवा, किंवा सरळ डब्यांसाठी वेगळं सिम घ्या. धंदा एवढा असताना मी तर सिमच घेईन.

भाचा उद्या 'कम्युनिटी' नाहीतर 'चॅनल' असं काही सुचवेल. दोन्ही वाईट नाहीत. कम्युनिटी म्हणजे अनेक ग्रुपांची एक मोट, तिच्या घोषणांच्या ग्रुपमध्ये साध्या सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, आणि नंबर सेव्ह करायची अटही नाही. तुमचे पाच-सहा आडमुठे गिऱ्हाईक पुढे पन्नास झाले, तर तिकडे जा. पण मग त्या कम्युनिटीला दुसरा कुठलाही नेहमीचा ग्रुप जोडू नका, कारण त्या ग्रुपमध्ये शिरलेल्यांना एकमेकांचे नंबर पुन्हा दिसतील. चॅनल २०२३ साली आलं. तिथं वाचणाऱ्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत, लोकांना इमोजी टाकता येतो, पण चॅटसारखं लेखी उत्तर देता येत नाही. पण खासगी चॅटसारखं एन्क्रिप्शन, म्हणजे मधल्या कुणाला वाचता येऊ नये अशी कुलूपबंदी, तिथं नसतं, आणि 'उद्या नको' कळवायला लोकांना तुमच्या नंबरावर यावंच लागेल. नुसती भाजी जाहीर करायला चालेल. तुमच्या आकाराच्या धंद्याला मला तो खटाटोप वाटतो.

एक ग्रुप मात्र ठेवा: डबे पोचवणाऱ्या पोरांचा. 'कर्वे पुतळ्यापाशी रस्ता बंद' हे एकानं लिहिलं की बाकीच्यांना कळायलाच हवं, आणि त्यांना एकमेकांचे नंबर असलेलेच बरे. उत्तर सगळ्यांना गेल्यानं जिथं काम होतं, तिथं ग्रुपला पर्याय नाही.

राहिली ती मुलगी, आणि तुमच्या जबाबदारीचा प्रश्न. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलंय, की सभासदानं ग्रुपवर आक्षेपार्ह काही टाकलं, एवढ्यावरून ॲडमिन गुन्हेगार ठरत नाही, त्याचा त्यात सामाईक हेतू किंवा आधीचा कट हवा. तुमच्या बाबतीत तर त्या माणसानं ग्रुपवर काही लिहिलेलंच नाही. तेव्हा कायद्याच्या भीतीनं झोप उडवू नका. पण नंबर तुमच्या यादीतून गेला, ही तुमची खंत योग्य आहे, आणि तिला ती बोलूनही दाखवा. तो कोण ते तिला विचारा, आणि त्याचा डबा बंद करा. १३८ चे १३७ झाले तरी चालतील. तिनं त्याला एकदा स्पष्ट 'मेसेज करू नका' असं लिहावं, त्याचा स्क्रीनशॉट ठेवावा, मग ब्लॉक करावं. स्पष्ट नकार दिल्यावरही कुणी पुरुष एखाद्या बाईला पुन्हापुन्हा गाठत राहिला, तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, आणि नवीन नंबरावरून तो परत आला तर तिला पोलीस ठाण्यात नेताना तुम्ही सोबत जा.

ग्रुप बंद करण्याची वेळ नीट निवडा. लिस्टवरून मेनू पोचणाऱ्यांचा आकडा सव्वाशेच्या पुढे गेला की रविवारी दुपारी, कामाची घाई नसताना, आधी फक्त ॲडमिन लिहील अशी सोय करा. मग ग्रुपवर शेवटचा निरोप टाका, त्यात तुमचा नंबर आणि 'सेव्ह केला नसेल तर आजच करा'. दोन दिवस तो तसाच राहू द्या. बुधवारी एकेकाला काढा, शेवटी स्वतः बाहेर पडा. ज्यांनी आजवर तिथं काही लिहिलंय त्यांचे नंबर इतरांच्या फोनमधल्या जुन्या चॅटमध्ये राहतील, ते आता पुसता येत नाहीत. ज्या गृहस्थानं पत्ता टाकला होता, त्यांना मात्र ग्रुप मोडायच्या आधी फोन करा. ॲडमिनला इतरांचाही मेसेज सगळ्यांच्या फोनवरून काढता येतो. तो पत्ता अजून निघत असेल तर आजच काढून टाका, नंतर ती किल्ली तुमच्या हातात राहणार नाही.